मधपेटी घेण्याआधी फोटोतली माशी ओळखा : सातेरी, मेलिफेरा, फुलोरी की पोया?

परतीचा पाऊस ओसरला की मधपेट्यांची खरेदी-विक्री सुरू होते. हल्ली ती बहुतेक व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोंवरून होते. विकणारा "सातेरी आहे" म्हणतो, फोटोत पिवळ्या-काळ्या माश्यांचा पुंजका दिसतो आणि नवा माणूस आगाऊ रक्कम देऊन मोकळा होतो. पेटी, तिच्या चौकटी, चाऱ्याची गरज, पावसाळ्यातला खर्च हे सगळं माशीच्या जातीवर ठरतं. त्यामुळे पैसे देण्याआधी तीन फोटो मागवावेत: पेटीच्या दाराचा, पिलावा म्हणजे अंडी-अळ्या असलेल्या पोळ्यावर मोजपट्टी ठेवून काढलेला, आणि पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या एका मेलेल्या कामकरी माशीचा, पंख पसरून.

आधी पेटीत न राहणाऱ्या दोघी बाजूला काढू. आग्या माशी सर्वांत मोठी, 17 ते 20 मि.मी. लांब. ती फांदीखाली, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच भलंमोठं पोळं उघड्यावर लटकवते. फुलोरी जेमतेम 7 ते 9 मि.मी. असते. तिच्या पोटाचा पुढचा भाग विटकरी, मागचा काळा आणि त्यावर पांढरे पट्टे असतात. तिचं तळहाताएवढं एकच पोळं झुडपातल्या काटकीला वेढून असतं. "लहान सातेरी" म्हणून फुलोरीचं पोळं खोक्यात घालून विकणारेही भेटतात. फोटोत एकच पोळं आणि त्यातून आरपार गेलेली काटकी दिसली, तर व्यवहार तिथेच थांबवा. ही माशी उघड्यावर राहणारी आहे, अंधाऱ्या पेटीतून ती उठून जाते.

आता खरा घोळ: आपली देशी सातेरी की परदेशातून आणलेली मेलिफेरा? दोघी पोकळीत राहतात आणि शेजारी शेजारी अनेक पोळी बांधतात. रंगावरून ठरवायला जाल तर हमखास फसाल. डोंगराळ भागातली सातेरी काळपट असते, सपाटीवरची बरीच पिवळी. नुकती बाहेर पडलेली माशी कोणत्याही जातीची असो, फिकट आणि लवदार दिसते. म्हातारी माशी लव झडून काळी, चकचकीत होते. पोटावरच्या लवेचे पट्टे मात्र उपयोगी पडतात. सातेरीचे चार पट्टे ठळक आणि जवळपास सारख्या अंतरावर असतात, मेलिफेराचे तीन. पण पंख मिटलेले असतील तर हे पट्टे झाकले जातात, म्हणून मेलेल्या माशीचा पंख पसरलेला फोटो हवा.

त्या फोटोत मागचा, म्हणजे लहान पंख पाहा. पंख सुटा करून पाण्याच्या थेंबासह काचेवर चिकटवला आणि काच आभाळाकडे धरून मोबाइलच्या क्लोज-अप भिंगाने टिपला, तर शिरा स्वच्छ दिसतात. पंखाच्या मध्यावर एक आडवी शीर दोन उभ्या शिरांना जोडते. सातेरीत त्या जोडाच्या पुढेही खालची शीर पंखाच्या कडेकडे थोडी जाते. मेलिफेरात ती जोडापाशीच संपते. या खुणेवर वयाचा, लवेचा किंवा फोटोतल्या उजेडाच्या रंगाचा परिणाम होत नाही, म्हणून आम्ही शेवटचा शब्द हिचाच मानतो.

पोळ्याच्या फोटोत सलग दहा घरं एका ओळीत मोजा. आपल्याकडच्या सातेरीची दहा कामकरी घरं साधारण 42 ते 46 मि.मी. भरतात, मेलिफेराची 52 ते 54. मोजपट्टी पोळ्याला टेकलेली आणि फोटो समोरून काढलेला हवा, तिरका फोटो अंतर कमी दाखवतो. दुसरी चूक म्हणजे नराची घरं मोजणं. सातेरीची नर-घरं मोठी असल्याने त्यांचं माप मेलिफेराच्या कामकरी घरांजवळ जातं. नर-घरांची झाकणं फुगीर असतात, त्यामुळे ती ओळखू येतात. सातेरीच्या नर-घराच्या झाकणाला टोकाशी बारीक भोकही असतं, मेलिफेराच्या झाकणाला नसतं. म्हणजे चुकीचं माप घेतलंत तरी हेच भोक तुम्हाला सावध करतं.

दाराचा फोटो दुपारच्या उन्हात मागवा, कारण तेव्हा माश्या पंखांनी वारा घालतात. वारा घालणाऱ्या सातेरीचं तोंड दारापासून बाहेर असतं, मेलिफेराचं दाराकडे. गर्दीतल्या एका माशीवर निकाल देऊ नका. एका जागी पाय रोवून पंख हलवणाऱ्या चार-पाच जणी पाहा, तोंडं बहुतेक एकाच दिशेला असतात.

समजा, लांज्याकडच्या नारळ-सुपारीच्या बागेसाठी "सातेरी" म्हणून फोटो आले. दहा घरं 53 मि.मी. भरतात, झाकणं सपाट म्हणजे कामकरी घरंच आहेत आणि दारातल्या माश्यांची तोंडं आत वळलेली आहेत. चौकटीची वरची पट्टीही 48 सें.मी.च्या आसपास, म्हणजे मेलिफेरासाठी वापरतात त्या मोठ्या लँगस्ट्रॉथ पेटीची. ही मेलिफेरा आहे. माशी म्हणून वाईट नाही, पण तिला फुलोऱ्यामागे पेट्या हलवणारा माणूस लागतो आणि कोकणातल्या लांब पावसात साखरेचा पाक द्यावा लागतो. एकाच जागी दोन-चार पेट्या ठेवणाऱ्याला सातेरीच सोयीची, आणि तिची पेटीही लहान घ्यावी. सातेरीला लँगस्ट्रॉथमध्ये घातलं तर ती सगळी पोळी माश्यांनी झाकू शकत नाही आणि रिकाम्या पोळ्यांत मेणपतंग शिरतो.

राहिली पोया, म्हणजे नांगी नसलेली माशी. 3 ते 5 मि.मी. लांब, काळी, पोटावर पट्टे नाहीत, पंखांवर शिरा अगदी मोजक्या. फुलावरच्या फोटोत ती छोट्या काळ्या साध्या माश्यांसारखी दिसते, तेव्हा पंख मोजा: साध्या माश्यांना दोन, मधमाश्यांना चार. तिच्या घराचा फोटो मिळाला तर मात्र शंकाच उरत नाही. भिंतीच्या फटीतून राळेची नळी बाहेर आलेली असते आणि नळीच्या तोंडाशी पहारेकरणींची डोकी गोल रचलेली दिसतात. आत उभी षटकोनी पोळी नसतात. पिलाव्याच्या बारीक गोळ्यांचा घोस असतो आणि मध व पराग साठवायला राळ-मेणाची वेगवेगळी भांडी असतात. तिला चौकटी लागत नाहीत, सुमारे 2 लिटर पोकळीची लाकडी पेटी पुरते. मध वर्षाकाठी काही शे ग्रॅमच निघतो, त्यामुळे मधाच्या हिशेबाने पोया घेऊ नका. परागीकरणासाठी, किंवा घराशेजारी डंखाची भीती नको म्हणून घ्या.

पोयाच्याही अनेक जाती आहेत आणि त्या मोबाइलच्या फोटोवरून वेगळ्या करता येत नाहीत. कोणी फोटो पाठवून जातीचं नाव छातीठोक सांगत असेल, तर त्या नावासाठी जास्त पैसे देऊ नका. आपल्याच तालुक्यातून, शक्यतो आपल्याच उंचीवरून काढलेली वसाहत घ्या.