पट्टीवरचं दुसरं नाव

मँचेस्टरला नव्यानं येणाऱ्यांच्या बॅगेत लोणचं आणि कुकर असतोच. ज्यांची नैराश्याची गोळी चालू आहे, त्यांनी पट्टीचा एक स्पष्ट फोटोही मोबाईलमध्ये ठेवावा. पुढची बाजू नको, मागची. पुढे कंपनीनं ठेवलेलं नाव ठळक असतं आणि इथल्या फार्मसीत ते कुणालाच कळत नाही. मागे बारीक अक्षरांत प्रत्येक गोळीत काय आणि किती आहे ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ 'एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम'. हे नाव इथेही तेच.

मागची बाजू नीट वाचाच, कारण आपल्याकडे एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत सर्रास देतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला आपण दोन औषधं घेतोय हे वर्षभर ठाऊकच नव्हतं. इथे ती जोडगोळी मिळत नाही आणि क्लोनाझेपामवर डॉक्टरांची नजर कडक असते. रोज घेत असाल तर तेही एकदम थांबवू नका, फिट येऊ शकते.

दुसऱ्या एका मुलाची गोळी साधी, १० ची. तीन पट्ट्या आणल्या होत्या, पण जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला गेला चौथ्या आठवड्यात, आणि भेट मिळाली त्यानंतर दहा दिवसांनी. रविवारी शेवटची गोळी झाली. बुधवारी बसमध्ये मान वळवली की डोक्यात बारीक करंट लागल्यासारखं व्हायचं. चक्कर, मळमळ, रात्री भलतीच स्वप्नं, आणि क्षुल्लक गोष्टीवरून रडू. त्याला वाटलं, आजार परत आला.

तसं नव्हतं. महिनोन्‌महिने गोळीमुळे वाढलेल्या सेरोटोनिन या रसायनाशी मेंदूनं जुळवून घेतलेलं असतं. गोळी थांबली की औषध चार-सहा दिवसांत शरीरातून जातं, मेंदूला मात्र सवय मोडायला आठवडे लागतात. हे व्यसन नव्हे. आजार उलटतो तो सहसा हळूहळू, काही आठवड्यांत; आणि करंट लागल्यासारखं होणं हे आजाराचं लक्षण नाही. गोळी पुन्हा सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत बरं वाटलं, तर खूण पक्की. त्या मुलाचं तसंच झालं. व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिन यांत हा त्रास जास्त, फ्लुऑक्सेटिन शरीरात बराच काळ रेंगाळतं म्हणून कमी.

बंद करायचीच असेल तर डॉक्टरांबरोबर ठरवून, टप्प्याटप्प्यानं. १० वरून ५ वर येणं अनेकांना जमतं, पण ५ वरून शून्यावर येताना अडखळायला होतं, कारण अगदी थोडं औषधही मेंदूवर बरंच काम करत असतं. शेवटच्या टप्प्यासाठी इथे एस्सिटॅलोप्रॅमचे थेंब मिळतात, मागून घ्या.

म्हणून पत्ता मिळाला की त्याच आठवड्यात जीपीकडे नोंदणी करा, भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या. गोळ्या संपतच आल्या आणि भेट लांब असेल, तर शेवटची पट्टी फोडली त्या दिवशीच १११ या इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या नंबरला फोन लावा.