फोटो पाहणारं एआय लॅबमध्ये वापरायचंय? अर्जात काय लिहावं

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एआयला फोटो दाखवायचे असतील, तर कॉलेजच्या लॅबमध्ये हमखास अडतं. पान उघडतं, फोटो निवडता येतो, पण तो चढतच नाही, नुसतं गोल फिरत राहतं. लॅबची फायरवॉल तो अडवते, आणि ती उघडून घ्यायची तर लॅब इनचार्जकडे अर्ज करावा लागतो. "प्रकल्पासाठी एआय टूल सुरू करून द्यावे" एवढ्या एका ओळीवर कुणी सही करत नाही, आणि ते बरोबरच आहे. उद्या प्राचार्यांनी विचारलं की कुणाचे फोटो बाहेर गेले, कुणाच्या खात्यातून गेले, तर उत्तर इनचार्ज मॅडमना द्यायचं असतं. ते उत्तर आपल्या अर्जातच तयार हवं.

आमचा प्रकल्प सोलापूर भागातल्या डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा होता. पानांचे फोटो गुगल एआय स्टुडिओत टाकायचे आणि त्याचं उत्तर वनस्पतिरोगशास्त्राच्या सरांनी आधी लिहून ठेवलेल्या निदानाशी ताडायचं, एवढंच काम. अर्ज असा होता:

> प्रति,
> मा. प्रयोगशाळा प्रमुख, संगणक विभाग
> मार्फत: प्रकल्प मार्गदर्शक
>
> विषय: प्रकल्पासाठी फोटो चढवण्याची परवानगी मिळणेबाबत
>
> महोदया,
> उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करते की, आमच्या गटास डाळिंबाच्या पानांचे 240 फोटो गुगल एआय स्टुडिओत तपासायचे आहेत. त्यासाठी दोन संगणकांवर, प्रात्यक्षिके नसताना दुपारी 3 ते 5 या वेळेत, एक महिन्यापुरती परवानगी मिळावी. उघडाव्या लागणाऱ्या पत्त्यांची यादी सोबत जोडली आहे.
> फोटोंत फक्त पाने आहेत. माणसे, सातबारा किंवा गावाचे नाव कोठेही नाही. फोटोंतील स्थळाची नोंद काढून टाकली आहे. बागायतदारांची लेखी संमती मार्गदर्शकांकडे आहे.
> मोफत वापरात चढवलेले फोटो कंपनी आपल्या सुधारणेसाठी वापरू शकते आणि तिची माणसे ते पाहू शकतात, याची आम्हाला व बागायतदारांना कल्पना आहे. खाते गटप्रमुखाचे असून सर्व सदस्य 18 वर्षांवरील आहेत.
> मिळालेली उत्तरे केवळ तुलनेसाठी वापरू. त्यावरून कोणालाही फवारणीचा सल्ला देणार नाही.
>
> आपली विश्वासू

पत्त्यांची यादी घरीच काढून न्या. ब्राउझरमध्ये F12 दाबून `Network` उघडा, एक फोटो चढवा आणि त्या वेळी कोणकोणत्या डोमेनकडे मागणी जाते ते टिपून घ्या. मुख्य पान एका पत्त्यावर असतं आणि फोटो दुसऱ्याच पत्त्यावर जातो. अर्जात फक्त मुख्य पत्ता दिला तर परवानगी मिळूनही ते गोल फिरतच राहतं. लॅबमध्ये हीच खिडकी उघडून पाहिलीत तर अडलेली मागणी लाल दिसते.

स्थळाची नोंद हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल, तर प्रत्येक फोटोत बागेचे अक्षांश-रेखांश बसलेले असतात. कुणाच्या बागेत तेल्या आहे हे बाहेर कळलं तर व्यापारी भाव पाडू शकतो. शेतकऱ्याने आपल्याला विश्वासाने बागेत येऊ दिलेलं असतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आला तर ही नोंद गळते, पण फोटोचा दर्जाही घसरतो. डॉक्युमेंट म्हणून आला तर दोन्ही शाबूत राहतात. आम्ही `lahan` नावाचा फोल्डर करून इमेजमॅजिकची ही आज्ञा चालवली:

```
mogrify -path lahan -auto-orient -resize "1024x1024>" -strip *.jpg
```

मूळ फोटो जागेवरच राहतात. लहान केलेली, नोंद पुसलेली प्रत `lahan` मध्ये येते. `-auto-orient` हे `-strip` च्या आधीच हवं, कारण फोटो उभा की आडवा हेही त्या नोंदीतच असतं. ती आधी पुसली तर पानं आडवी पडतात. फोटो लहान झाल्याने चढवायचा भारही उतरतो, आणि इनचार्जना नेटच्या वेगाची काळजी असतेच.

पण लहान करण्यालाही मर्यादा आहे. तेल्याचा सुरुवातीचा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा असतो. अख्ख्या फांदीचा फोटो 1024 पिक्सेलवर आणला तर तो पुसट होऊन जातो. म्हणून आधी एकेक पान कापून घ्यायचं, मग आकार कमी करायचा. फोटो काढतानाच पान उजेडासमोर धरलं तर आणखी बरं. तेल्याचा ठिपका तेलकट कागदासारखा अर्धपारदर्शक दिसतो आणि भोवती पिवळसर कडा असते. फ्लॅश मारून समोरून काढलेल्या फोटोत तो बुरशीच्या साध्या ठिपक्यासारखा वाटतो, आणि मग एआयची गल्लत होते.

अर्ज मंजूर झाला की त्यावर मुदतीची तारीख मॅडमच्या अक्षरात लिहून घ्या, एक प्रत लॅबच्या रजिस्टरला लावा आणि काम संपलं की ते पत्ते पुन्हा बंद करायला स्वतः जाऊन सांगा. पुढच्या वर्षीचा गट त्याच दारात उभा राहणार असतो.