भाऊबीजेचा मेसेज लिहिताय? या चुका टाळा

पणतीचं चित्र आणि खाली चार ओळींचं यमक आलं, की भाऊ अंगठा दाखवून पुढे सरकतो. त्याला दोष देता येत नाही, कारण तेच चित्र त्याला मावशीकडून आणि सोसायटीच्या ग्रुपवरूनही आलेलं असतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे राखीपौर्णिमेचाच मजकूर नाव बदलून पाठवणं. 'माझं रक्षण करणारा' वगैरे ओळी राखीच्या. भाऊबीजेला, म्हणजे यमद्वितीयेला, भाऊ बहिणीकडे जातो, जसा यम यमुनेकडे गेला. बहीण औक्षण करते ते त्याला आयुष्य लाभावं म्हणून. तेव्हा मागणं त्याच्यासाठी असतं, आणि धाकट्या बहिणीनंही थोरल्यासाठी ते बिनधास्त मागावं.

दुसरी चूक विशेषणांची. समजा बहीण नाशिकला आहे, थोरला भाऊ नागपूरला आणि त्याला यंदा सुट्टी नाही. ती लिहिते, 'माझ्या लाडक्या, प्रेमळ दादाला भाऊबीजेच्या हार्दिक शुभेच्छा. तू कायम माझा आधार आहेस.' आता इथे दादाच्या जागी चुलतभावाचं नाव घालून बघा. मेसेज तरीही चालतो ना? मग तो खोडायचा आणि याच वर्षातला एक प्रसंग आठवायचा.

'दादा, जूनमध्ये बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तू रात्रीच्या बसनं आलास आणि बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणालास, "तू घरी जाऊन झोप, मी आहे." त्या दिवशी मी खरंच झोपले. आज पाट मांडलाय, तबकात सुपारी आणि आजीची अंगठी आहे. सातला व्हिडिओ कॉल लाव, इथूनच ओवाळते. खूप जग. आणि ओवाळणी बुडवायची नाही!'

यात 'आधार' हा शब्द कुठेच नाही, तरी तो कळतो. प्रसंग एकच घेतलाय. लहानपणापासूनचे पाच प्रसंग कोंबले की सत्कार समारंभाचं भाषण होतं. शेवटची थट्टाही मुद्दाम ठेवलीय. एरवी ज्याच्याशी भांडता, त्याच्याशी एकदम गहिवरून बोललात तर तो घाबरून फोन करेल, 'सगळं ठीक आहे ना?'

न आलेल्या भावाला 'यंदाही तुला वेळ नाहीच' असं लिहायचा मोह होतो. हे वाक्य वाचल्यावर बाकीचं काहीच त्याच्या लक्षात राहत नाही. तक्रार खरी असेल तर ती फोनवर, दुसऱ्या दिवशी करावी.

हाक रोजचीच ठेवा. घरी 'दाद्या' म्हणत असाल तर 'प्रिय बंधू' कशाला? धाकट्याला 'अरे' चालतं, 'आपणांस' मुळीच नको.

आणि हा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे वहिनी, काका, सगळे असतात. त्याची नोकरी, कर्ज किंवा आजारपण यातलं काही आलं तर तो अवघडतो. ग्रुपवर फार तर ओवाळतानाचा फोटो टाकावा, तोही त्याला विचारून.