रीलला व्ह्यूज येतात, पण क्लासला फोन येत नाही? या चुका टाळा

कराडमध्ये आमचा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. सकाळची बॅच कॉलेजच्या मुलामुलींची आणि संध्याकाळी साडेसहाची नोकरी करणाऱ्या बायकांची. पहिल्या वर्षी आमची सगळ्यात जास्त चाललेली रील होती, ‘व्हेरी टायर्ड म्हणू नका, एक्झॉस्टेड म्हणा’. असेच पाच शब्द, मागे गाणं, पडद्यावर मोठी अक्षरं. चाळीस हजारांच्या वर व्ह्यूज गेले आणि त्या आठवड्यात चौकशीचा एकही फोन आला नाही. इन्स्टाग्राम अकाउंटच्या इनसाइट्समध्ये शहरांची यादी उघडून पाहिली, तर वर दिल्ली, पाटणा, लखनौ. कराडचं नाव यादीत नव्हतंच.

त्या दिवसापासून मी व्ह्यूजचा आकडा शेवटी बघते. आधी शहरं बघते, मग रील किती जणांनी दुसऱ्याला पाठवली ते आणि मग किती मेसेज आले ते.

शब्द शिकवणारी रील

‘या शब्दाऐवजी हा शब्द’ ही रील कुणाला आवडते? ज्याला इंग्रजी बऱ्यापैकी येतं त्याला. तो ती सेव्ह करतो आणि पुढे जातो. त्याला क्लासची गरजच नसते. पतपेढीत काम करणारी बाई, जिला हेड ऑफिसचा इंग्रजीतून फोन आला की घाम फुटतो, तिला ‘एक्झॉस्टेड’ नको असतो. तिला त्या क्षणी तोंडातून निघेल असं एक अख्खं वाक्य हवं असतं.

दुसरी गोष्ट भाषेची. इंग्रजीच्या क्लासची रील म्हणून आम्ही सगळं इंग्रजीतच बोलत होतो. त्यामुळे ती देशभर कुणालाही दाखवता येण्यासारखी झाली आणि ॲपने ती तशीच दाखवली. मराठीत बोलायला लागल्यावर व्ह्यूज एकदम खाली आले. मी घाबरले होते, पण महिनाभराने यादीत सातारा, सांगली, कराड दिसायला लागलं. बाकीचे लवकर पुढे सरकतात, मराठी माणूस थांबतो आणि त्यावरून ॲपला पुढची माणसं सापडतात. ज्या क्लासला प्रत्यक्ष येऊन बसायचं आहे, त्याला हेच हवं.

एकाच रीलमध्ये दोघांना बोलावणं

‘विद्यार्थी, गृहिणी, नोकरदार, सर्वांसाठी!’ हे वाक्य आमच्या रीलमध्ये वर्षभर होतं. ते ऐकून कुणालाच ‘हे माझ्यासाठी आहे’ असं वाटत नव्हतं.

फायनल इयरच्या मुलाची भीती एका प्रश्नाभोवती असते: ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’. तिथे तो ‘मायसेल्फ अमुक तमुक’ म्हणून सुरुवात करतो आणि अडकतो. त्याला कॅम्पस इंटरव्ह्यूची तारीख दिसत असते. नोकरी करणाऱ्या बाईची भीती रोजची असते: साहेबांना रजा मागणं, ग्राहकाला थांबवणं, मीटिंगमध्ये नाव घेतलं गेलं तर दोन वाक्यं बोलणं. शिवाय तिला आधी हे कळायला हवं की क्लास किती वाजता सुटतो आणि शेवटच्या एसटीने घरी जाता येईल का. या दोघांना एका रीलमध्ये बसवताच येत नाही. आता आम्ही आठवड्यातल्या दोन रील्स मुलांसाठी आणि दोन बायकांसाठी करतो, आणि कुणासाठी आहे ते पहिल्याच वाक्यात प्रसंगातून कळतं.

पहिले नऊ सेकंद वाया

ही चूक एका रीलवरूनच दाखवते. विषय होता रजा मागणं. पहिल्या वेळी सुरुवातीला चार सेकंद क्लासचा फिरता लोगो, मग ‘नमस्कार, आजच्या व्हिडिओत आपण शिकणार आहोत…’. विषय आला तेव्हा नऊ सेकंद झाले होते. रीलच्या इनसाइट्समध्ये कोणत्या सेकंदाला किती लोक टिकून होते याचा आलेख असतो. आमची रेघ विषय यायच्या आतच कोसळली होती. म्हणजे रील वाईट आहे की चांगली, हे बहुतेकांनी पाहिलंच नव्हतं.

तीच रील पुन्हा केली. पहिल्याच क्षणी मी फोन कानाला लावलेला आणि मराठीत म्हणते, “साहेब, उद्या मी येणार नाही, मुलीला बरं नाही. हे इंग्रजीत कसं सांगाल?” पडद्यावर हेच वाक्य. मग मी दोन सेकंद गप्प. ही शांतता मुद्दाम ठेवली आहे, कारण तेवढ्यात बघणारी मनातल्या मनात वाक्य जुळवते आणि जुळवलेलं बरोबर आहे का, हे बघायला थांबते. मग मी सांगते, की आपण बहुतेक जणी म्हणतो, ‘टुमारो आय ॲम नॉट कमिंग’. व्याकरण चुकलेलं नाही, पण ऐकणाऱ्याला ते ठरवून टाकल्यासारखं वाटतं. त्याऐवजी, ‘सर, माय डॉटर इज अनवेल. कॅन आय टेक टुमारो ऑफ?’ हे एकदा सावकाश, एकदा नेहमीच्या वेगात. शेवटी फक्त एवढंच: संध्याकाळची बॅच साडेसहाला, स्टँडपासून चालत पाच मिनिटं. एकूण सव्वीस सेकंद.

आधी मधेच मी ‘कॅन’ आणि ‘मे’ यातला फरक समजावत होते. आलेखात बरोबर तिथे दुसरा खड्डा दिसला, म्हणून तो भाग काढला. आलेख असाच वाचायचा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत पडझड असेल तर सुरुवात बदला. मधे खड्डा असेल तर त्या सेकंदाला तुम्ही काय बोलत होता ते ऐका. आमच्याकडे दर वेळी तिथे काळाचं नाहीतर व्याकरणाचं नाव निघालेलं असायचं.

चूक करणाऱ्याची नक्कल

ही मला सगळ्यात जिव्हारी लागलेली चूक आहे. शिक्षक दोन भूमिका करतो: एक गावाकडची बाई, चुकीचं इंग्रजी, मागे हसण्याचा आवाज, दुसरी स्मार्ट बाई, बरोबर इंग्रजी. लाइक्स भरपूर येतात. पण जिला शिकायचं आहे, ती त्यात स्वतःला बघते आणि तिला वाटतं, या क्लासमध्ये गेले तर माझ्यावरही असंच हसतील.

ती ही रील मैत्रिणीला पाठवतही नाही, कारण पाठवणं म्हणजे ‘तू अशी बोलतेस’ असं म्हणणं. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं, की पाहण्याचा वेळ, लाइक्स आणि पाठवणं हे तीन सर्वांत महत्त्वाचे संकेत आहेत, आणि जे आपल्याला फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचायला पाठवण्याचं वजन अधिक असतं. आमच्यासारख्या क्लासचं नाव तर पूर्वीपासून मैत्रिणीमैत्रिणींमधूनच पसरत आलं आहे.

मग चूक दाखवायचीच नाही का? दाखवा, पण ती का होते ते सांगा. ‘आय डिड नॉट वेन्ट’ हे अडाणीपणातून येत नाही. मराठीत ‘मी गेले’ आणि ‘मी गेले नाही’, दोन्हीकडे ‘गेले’ तसंच राहतं. इंग्रजीत भूतकाळाचं काम ‘डिड’ने उचललं, की क्रियापद मूळ रूपात परत जातं: ‘आय डिड नॉट गो’. हे सांगणारी साधी रील आमच्याकडे सगळ्यात जास्त पाठवली गेली. एकीने मेसेजमध्ये लिहिलं, “मॅडम, पहिल्यांदा कळलं की चूक माझ्या डोक्याची नाही.”

आवाज आणि अक्षरं

इथे थोडक्यात सांगते. इंग्रजीच्या क्लासमध्ये उच्चारच विकायचा असतो, त्यामुळे पंखा बंद करा आणि कॉलरचा माइक लावा. रिकाम्या वर्गात आवाज घुमत असेल तर पडदे, सतरंज्या असलेल्या खोलीत शूट करा. अनेक जणी बसमध्ये किंवा डब्याच्या सुट्टीत आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून वाक्यं पडद्यावर हवीतच. मराठी-इंग्रजी मिसळून बोललं की आपोआप येणाऱ्या कॅप्शनचा गोंधळ होतो, त्यामुळे ती हाताने टाइप करा. पडद्याचा खालचा साधारण एक तृतीयांश भाग आणि उजवी कड मोकळी सोडा. तिथे अकाउंटचं नाव, कॅप्शन आणि बटणं येतात. आमचं ‘कॅन आय टेक टुमारो ऑफ’मधलं ‘ऑफ’ एकदा लाइकच्या बटणाखाली गेलं होतं.

‘कमेंटमध्ये यस लिहा’

मुलं लिहितात, नोकरी करणाऱ्या बायका लिहीत नाहीत. कमेंट ऑफिसातल्या कुणालाही दिसते आणि मला इंग्रजी येत नाही हे तिथे जाहीर करायला कोण तयार होईल? त्यामुळे कमेंट आल्या नाहीत म्हणून रील पडली असं समजू नका. प्रोफाइलला भेट देणारे वाढले आहेत आणि मेसेज मात्र नाहीत, असं दिसलं तर वाट अडलेली आहे.

आम्ही बायोमध्ये व्हॉट्सॲपची लिंक ठेवली. ती दाबली की आमच्या नंबरची चॅट उघडते आणि मेसेज आधीच लिहिलेला असतो. तिला फक्त पाठवायचं बटण दाबायचं असतं. लिंकची रचना अशी, X च्या जागी तुमचा नंबर, आधी 91 आणि अधिकचं चिन्ह नाही:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Evening%20batch
```

मेसेज बहुतेक रात्री साडेनऊनंतर येतात, घरचं सगळं आवरल्यावर. त्याला ‘फीसाठी क्लासला भेट द्या’ असं उत्तर दिलं, की संभाषण तिथेच संपतं. फी, वेळ, बॅचमध्ये किती जणी आहेत आणि एक दिवस बसून बघता येईल का, या चार गोष्टी पहिल्याच उत्तरात द्या. आम्ही हे उत्तर व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये साठवून ठेवलं आहे.

विद्यार्थिनीचा ‘आधी आणि नंतर’

पहिल्या दिवशी अडखळणारी, तीन महिन्यांनी घडाघडा बोलणारी. अशी रील चालते, हे खरं. पण पहिल्या दिवशीचं शूटिंग करताना घेतलेला होकार खरा नसतो. नवी मुलगी मॅडमना नाही म्हणत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा अनुभव वापरायला लेखी संमती लागते आणि ती यश मिळाल्यानंतर घेतलेली असावी लागते, असं सांगितलं आहे. खोट्या हमीलाही तिथे मनाई आहे, म्हणजे ‘३० दिवसांत फाडफाड इंग्रजी’ हे लिहू नका. तुमचा क्लास लहान असला तरी हीच रीत धरा, आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची सही घ्या.

आमच्या संध्याकाळच्या बॅचमधल्या एकीने स्पष्ट सांगितलं, की मी क्लासला येते हे ऑफिसात माहीत नाही, मला व्हिडिओत घेऊ नका. तिला ग्राहकांशी बोलायला लागणारी वाक्यं तिने वहीत लिहून काढली होती. ती मी तिला विचारून, स्वतः बोलून रीलमध्ये दाखवली. पुढच्या आठवड्यात तिच्याच ऑफिसातल्या दोघी चौकशीला आल्या. वही कुणाची, ते आम्ही त्यांना सांगितलं नाही.