रामकुंडावरच्या फोटोचे तैलचित्र करताना झालेली चूक

रामकुंडावर काढलेल्या आजीच्या फोटोला मी तैलचित्राचा फिल्टर पूर्ण जोरात लावला, तेव्हा तिच्या नऊवारीच्या काठावर चौकोनी ठिपके उमटले आणि डोळे तर पुसलेच गेले. तो फोटो फॉरवर्ड होत आलेला, जेमतेम 640×480 पिक्सेलचा होता. त्यात डोळा चार पिक्सेलांचा आणि फिल्टरचा ब्रश सहाचा, मग डोळा उरणार कसा? ते चौकोन म्हणजे जेपेग पद्धतीत फोटो दाबून लहान करताना पडणाऱ्या 8×8 पिक्सेलांच्या ठोकळ्यांच्या कडा होत्या; फिल्टर त्यांना खरी रेषा समजून गडद करतो आणि फोटो मोठा केल्याने त्या जात नाहीत. मामांकडून 4000×3000 ची मूळ फाइल मागवली, फिल्टर मूळ फोटोवरच्या वेगळ्या लेयरवर म्हणजे थरावर लावून त्याची ओपॅसिटी, म्हणजे तो थर किती गडद दिसतो ते प्रमाण, 60 टक्क्यांवर आणली आणि थराचा हवा तेवढाच भाग फिका करणाऱ्या मास्कने चेहऱ्यापुरती ती 25 पर्यंत उतरवली. आता काठावरची जर रंगाच्या फटकाऱ्यांतही ओळखू येते.