मुलाच्या नावावरच्या ठेवीचं व्याज: कर आईनं भरायचा की बापानं?

आखाजीला लेक माहेरी आली की आजोबा नातीच्या नावानं पैसे ठेवतात, जावळाला मामा पाकीट देतो. खानदेशात हे घरोघरी चालतं. मुलीच्या नावावर ठेव आहे म्हणजे व्याजही तिचंच, त्यावर कर कसला, असं बहुतेक जण धरून चालतात. चूक होते ती इथेच.

एक उदाहरण धरू. चोपडा तालुक्यात वडिलांची केळीची बाग आहे, आई शाळेत शिक्षिका. 2024 च्या आखाजीला आजोबांनी सहा वर्षांच्या नातीला दहा लाख दिले. बँकेत 7 टक्क्यांनी मुदत ठेव केली, आणि 2025-26 मध्ये तिचं व्याज आलं 70,000 रुपये.

सर्वात आधी मूळ रक्कम तपासा. आजी-आजोबा, मामा, काका, आत्या, मावशी हे कायद्यानं नातेवाईक आहेत, त्यामुळे त्यांनी दिलेल्या रकमेवर कर नाही, ती कितीही असो. आईचा चुलतभाऊ मात्र या यादीत बसत नाही, जरी मुलं त्यालाही मामाच म्हणत असली तरी. अशा लोकांकडून वर्षभरात मिळून 50,000 रुपयांपेक्षा जास्त आले, तर सगळी रक्कम करपात्र ठरते. जावळ किंवा वाढदिवस म्हणून त्यात सूट मिळत नाही. म्हणून पैसे चेकनं घ्या आणि कोणी, कोणाला, कधी दिले याची सहीची चिठ्ठी ठेवा.

आता व्याज. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत ते आई-वडिलांपैकी ज्याचं एकूण उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवायचं. मुलानं स्वतःच्या अंगमेहनतीनं किंवा कलेनं कमावलेले पैसे याला अपवाद आहेत. ठरावीक अपंगत्व असलेल्या मुलाचं उत्पन्नही मिळवलं जात नाही.

जास्त उत्पन्न कोणाचं, हे ठरवताना आपल्याकडे हमखास घोळ होतो. केळीचे पंधरा लाख आले तरी शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे ते एकूण उत्पन्नात धरलंच जात नाही. वडिलांचं दुसरं काही उत्पन्न नसेल तर तुलनेत ते शून्यावर येतात. मग व्याज जातं आईकडे.

आईचं पगाराचं उत्पन्न प्रमाणित वजावटीनंतर 11,80,000 आहे. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य, म्हणून ती निश्चिंत होती. 70,000 मिळवले की आकडा होतो 12,50,000. दरांप्रमाणे कर 67,500 येतो, पण 12 लाखांच्या वर जेवढं उत्पन्न आहे त्यापेक्षा जास्त कर लागत नाही, म्हणून 50,000. त्यावर 4 टक्के उपकर धरून 52,000. सत्तर हजारांच्या व्याजातले बावन्न हजार गेले. प्रत्येक मुलामागे 1,500 रुपयांची सूट जुन्या पद्धतीत मिळते, नव्यात तीही नाही.

व्याज 50,000 च्या वर गेल्यामुळे बँक 10 टक्के, म्हणजे 7,000 टीडीएस कापते, तोही मुलीच्या पॅनवर. तो परत मिळावा म्हणून मुलीच्या नावानं वेगळं विवरणपत्र भरणारे लोक आहेत. तसं करू नका, ते उत्पन्न तिच्या हाती करपात्रच नाही. त्याऐवजी आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेला लेखी द्या: हे व्याज आईच्या उत्पन्नात मिळवलं जातं, तेव्हा टीडीएसची नोंद आईच्या पॅनवर करावी. सोबत आईचं नाव, पत्ता आणि पॅन लिहा. अर्ज राहून गेला असेल तर आईनं आयटीआर-2 भरावं. त्यात Schedule SPI मध्ये मुलीचं व्याज दाखवायचं, आणि टीडीएसच्या तक्त्यात दुसऱ्या व्यक्तीचा टीडीएस म्हणून मुलीचा पॅन टाकायचा. कापलेले 7,000 वजा जाऊन 45,000 भरायचे राहतात. ही रक्कम 10,000 च्या वर आहे, म्हणून ती आगाऊ कराच्या हप्त्यांत 15 मार्चपर्यंत भरायला हवी, नाहीतर वर व्याज लागतं.

एकदा आईच्या उत्पन्नात मिळवलं की पुढच्या वर्षीही तिच्याकडेच राहतं. वडिलांचं उत्पन्न वाढलं म्हणून आपल्या मनानं तिकडे फिरवता येत नाही.

पैसे द्यायच्या आधीच विचार झाला तर बरं. आजोबांचं उत्पन्न कमी असेल तर ठेव त्यांच्याच नावावर राहू द्यावी आणि नात अठराची झाल्यावर द्यावी. तोवर व्याज त्यांचंच. दुसरी वाट म्हणजे सुकन्या समृद्धी: मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं उघडायचं, वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात आणि व्याज पूर्ण करमुक्त. आपल्या उदाहरणातली मुलगी अजून दहाची झालेली नाही. ठेवीची मुदत संपेल तेव्हा त्यातून दर वर्षी दीड लाख तिच्याच सुकन्या खात्यात वळवले, तर आईच्या डोक्यावरचं व्याज वर्षागणिक कमी होत जाईल.