छपाई सुरू झाल्यावर ऑर्डर वाढवायची झाली तर

कुपवाड एमआयडीसीत हळद पावडर पॅक करणाऱ्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात लागलो, त्याला तेव्हा चारच महिने झाले होते. खरेदी विभाग म्हणजे तसं बघितलं तर मी आणि बापू. बापूंनी वीस वर्षं हेच काम केलेलं. मी कॉम्प्युटरवर पीओ, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरी, टाइप करायचो आणि फोन बापू करायचे.

200 ग्रॅमच्या पाऊचसाठी छापील रोलची 300 किलोची ऑर्डर आम्ही बारा दिवसांपूर्वी दिली होती. हे रोल आमच्या भरण्याच्या मशीनवर चढतात आणि तिथेच पाऊच तयार होतो, भरतो, सील होतो. आमच्या मापात एका किलोला साधारण 300 पाऊच निघतात. म्हणजे 300 किलोत 90 हजार पाऊच, 18 टन हळद. एका मंगळवारी सकाळी मुंबईच्या वितरकाचा फोन आला की माल वाढवा, आणखी सात टनांच्या वर लागेल. हिशोब केला तर 120 किलो रोल जास्त हवे होते.

मी लगेच पुरवठादाराच्या सेल्सच्या माणसाला फोन लावला. "आमच्या ऑर्डरमध्ये थोडं वाढवता येईल का?" तो म्हणाला, "काम सुरू झालंय साहेब. बघतो, संध्याकाळपर्यंत सांगतो." मी निर्धास्त झालो आणि दुसऱ्या कामाला लागलो. त्या एका वाक्यात माझ्या दोन चुका होत्या. 'थोडं' म्हणजे किती ते मी सांगितलं नाही आणि 'काम सुरू झालंय' म्हणजे नक्की कुठवर आलंय ते विचारलं नाही.

दुपारी एकच्या सुमारास बापूंनी विचारलं, वाढीचं काय झालं? मी सांगितलं, संध्याकाळी कळेल. बापूंनी डब्याचं झाकण परत लावलं आणि फोन उचलला. सेल्सला नाही, थेट तिथल्या प्रॉडक्शन सुपरवायझरला.

"काका, आपला हळदीचा जॉब कुठं आहे?"

"मशीनवर आहे बापू. रन चालू आहे, अजून वीस मिनिटं."

ही वीस मिनिटं गेली असती तर पुढचं सगळं बदललं असतं. ते का, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

आमच्या रोलला दोन थर असतात. वरचा पातळ पॉलिएस्टर, 12 मायक्रॉनचा, त्याच्या आतल्या बाजूवर छपाई. खाली 50 मायक्रॉनची दुधी पॉली. आधी पॉलिएस्टरवर छपाई होते, मग दोन्ही थर गोंदाने चिकटवतात, त्याला लॅमिनेशन म्हणतात. चिकटवलेला रोल एक-दोन दिवस गरम खोलीत ठेवतात, म्हणजे गोंद पक्का होतो. शेवटी आमच्या मशीनच्या रुंदीला पट्ट्या कापतात, ते स्लिटिंग.

आमच्या डिझाइनला सहा रंग. प्रत्येक रंगाला एक कोरीव सिलिंडर. हे सहा सिलिंडर मशीनवर चढवायचे, शाई भरायची, एकावर एक रंग बरोबर बसेपर्यंत जुळवायचे, यात तीन-चार तास सहज जातात. त्या जुळवणीत तीन-चारशे मीटर फिल्म वाया जाते ती वेगळीच. आणि प्रत्यक्ष छपाई? आमचे 300 किलो म्हणजे साडेपाच हजार मीटरच्या आसपास लांबी. मशीन मिनिटाला 150 मीटर पळत असेल तर छपाई चाळीस मिनिटांच्या आत संपते. म्हणजे खर्च सगळा चढवण्या-उतरवण्यात. सिलिंडर चढलेले असताना आणखी 100 किलो म्हणजे पंधरा मिनिटांचंही जास्तीचं काम नाही. तेच सिलिंडर उतरले की ते 100 किलो हा एक नवा जॉब होतो. पुन्हा जुळवणी, पुन्हा वाया फिल्म, मशीनच्या रांगेत पुन्हा नंबर. आणि नव्या जॉबला त्यांची किमान मर्यादा 300 किलो आहे.

म्हणून पहिला प्रश्न 'काम सुरू झालं का' हा नसतो. ज्या टप्प्यावर प्रमाण ठरून जातं तो टप्पा ओलांडला का, हे विचारायचं. छापील फिल्मच्या बाबतीत तो टप्पा म्हणजे सिलिंडर उतरणं. कापडात, ओतकामात, खोक्यांत तो वेगळा असेल. तो कुठला हे ऑर्डर द्यायच्या दिवशीच माहीत करून घ्यावं. ऐन घाईत विचारायला वेळ नसतो.

दुसरी अडचण कच्च्या मालाची. बापूंनी लगेच विचारलं, "फिल्म किती शिल्लक आहे त्याच रुंदीची?" काका म्हणाले, "चढवलेला रोल आठ हजार मीटरचा. तुमचा जॉब आणि सेटिंग जाऊन दोन हजारभर मीटर उरेल. दुसरा रोल याच रुंदीत नाही." दोन हजारभर मीटरमधून कापणीची आणि लॅमिनेशनची तूट वजा जाता 100 किलोच्या आसपास तयार रोल निघतात. पॉलीची काळजी नव्हती, कारण लॅमिनेशन दुसऱ्या दिवशी होतं आणि पॉली ते स्वतःच बनवतात. रात्रीच्या पाळीत जास्त काढता येणार होती. अडकलं होतं फक्त पॉलिएस्टरपाशी.

बापूंनी 120 चा हट्ट धरला नाही. "मग 100 पक्के करा काका. रोल संपेपर्यंत चालवा. रेट तोच ना?" काका म्हणाले, "रेटचं ऑफिसला विचारा, पण याच रनमधलं आहे, जास्त लावणार नाहीत." तेही बरोबरच. सुपरवायझर मशीन चालू ठेवू शकतो, भाव ठरवू शकत नाही. म्हणून बापूंनी तो फोन ठेवला आणि दुसरा ऑफिसला केला. भाव तोच पक्का झाला. मग एक अट घातली, जी मला सुचलीच नसती. आधीचे 300 किलो ठरल्या तारखेला, म्हणजे शुक्रवारीच निघतील, वाढीव 100 शनिवारी आले तरी चालतील. वाढीव मागणी करताना हे बोललं नाही तर समोरचा साहजिकच सगळा माल एकदम पाठवायचं ठरवतो, आणि आपलं मशीन ज्या 300 किलोची वाट बघतंय तेही थांबतं. आमच्याकडे जुने रोल शुक्रवारपर्यंतच पुरणार होते.

उरलेल्या 20 किलोचं काय? म्हणजे 6 हजार पाऊच, 1200 किलो हळद. तेवढी 500 ग्रॅमच्या पाऊचमध्ये भरून देतो असं वितरकाला सांगितलं, ते रोल आमच्याकडे पडून होते. त्याने कुरकुर केली, पण घेतले.

यानंतर बापू जेवायला बसले आणि मला म्हणाले, "आता लेखी पाठव." मी मेल लिहिला: "फोनवर ठरल्याप्रमाणे कृपया 400 किलो करावे." एवढंच. साधं, सरळ, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ऑफिसची पोच आली. तिच्यात दोन ओळी होत्या. एक, 300 किलो. दुसरी, 400 किलो, नवीन. त्यांच्याकडच्या मुलीने माझा मेल नवी ऑर्डर समजून भरला होता. एकूण 700 किलो. छपाई तर झाली होती, पण दुसऱ्या ओळीसाठी पॉलीचं नियोजन लागलं होतं आणि सिलिंडर पुन्हा चढवायची तारीखही पडली होती. पोच मी वाचली नसती तर आमच्या गोदामात वर्षभराचे पाऊच येऊन पडले असते. डिझाइनवर परवाना क्रमांक, पत्ता, ग्राहक तक्रारीचा फोन असं सगळं छापलेलं असतं. त्यातलं काहीही बदललं की उरलेला रोल रद्दी. मुलीची चूक म्हणता येणार नाही. '400 करावे' हे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येतं.

तेव्हापासून मी वाढीचा मेल असा लिहितो:

"आमची मूळ ऑर्डर: 300 किलो, त्याच पीओ क्रमांकाने. वाढ: 100 किलो. वाढीनंतर एकूण: 400 किलो. ही नवी ऑर्डर नाही, मूळ ऑर्डरमधील दुरुस्ती क्रमांक 1 आहे. वाढीव मालाचा भाव मूळ ऑर्डरप्रमाणे. 300 किलो शुक्रवारी, 100 किलो शनिवारपर्यंत. दुरुस्त पीओ सोबत जोडला आहे. कृपया एकूण प्रमाण आणि दोन्ही तारखा लिहून मान्यता कळवावी."

जुना आकडा, वाढ आणि एकूण, तिन्ही हवेत. एकच आकडा लिहिला की तो वाढ आहे की एकूण यावर गोंधळ ठरलेला. आणि त्यांची लेखी मान्यता येईपर्यंत आपल्या हाती फक्त 300 किलोच आहेत असं धरायचं. भारतीय करार कायदा 1872 मध्येही तसंच आहे. ठरलेला करार बदलायला दोन्ही बाजूंची संमती लागते, एकाने मेल पाठवून भागत नाही. पुरवठादाराने नाही म्हटलं तरी मूळ ऑर्डर तशीच उभी राहते, त्यामुळे विचारायला घाबरायचं कारण नाही.

एक गोष्ट नवीन मुलं हमखास विसरतात. बहुतेक कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पुरवठा दहा टक्के कमी-जास्त होऊ शकतो. छपाईच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. म्हणजे 300 किलोच्या ऑर्डरवर 330 येऊ शकतात आणि 270 सुद्धा. वाढ छोटी असेल, वीस-पंचवीस किलोची, तर ऑर्डर बदलायच्या भानगडीत पडूच नका. "वरच्या बाजूला ठेवा" एवढं रन सुरू असताना सांगितलं तरी पुष्कळदा काम होतं. पण मोठी वाढ लेखी करताना ही दहा टक्क्यांची ओळ आता एकूण 400 वर लागू होते हेही ध्यानात ठेवावं. खालच्या बाजूला 360 आले तर तक्रार करता येत नाही. आमच्या वितरकाला शब्द देताना बापूंनी ते धरूनच बोलणं केलं होतं.

सिलिंडर उतरल्यावर फोन केला असता तर? त्याचाही अनुभव पुढच्या वर्षी आला. तेव्हा किमान 300 किलोचीच दुसरी ऑर्डर द्यावी लागली, आणि दुसऱ्या रनमधला पिवळा पहिल्यापेक्षा जरा नारिंगीकडे गेला. शाई पुन्हा मिसळली की असं थोडंफार होतंच. ते रोल चुकूनही एका खोक्यात मिसळू देऊ नका. दुकानाच्या फळीवर दोन छटांचे पाऊच शेजारी लागले की गिऱ्हाईक त्यातला एक नकली समजतं. आम्ही दुसऱ्या लॉटचे रोल वेगळ्या रॅकवर ठेवले आणि ते फक्त विदर्भाच्या गाड्यांना लावले.

त्या मंगळवारच्या ऑर्डरचे शनिवारी शेवटचे रोल आले. काट्यावर कोरचं, म्हणजे रोल ज्या नळीवर गुंडाळलेला असतो तिचं, वजन वजा करून एकूण 396 किलो भरले. बापूंनी चलनावर सही केली आणि मला म्हणाले, "आता मेलमधला 400 आणि बिलातला आकडा एकदा ताडून बघ." बिल 400 चं होतं. सोमवारी मी फोन केला, या वेळी पहिल्याच वाक्यात आकडा सांगून.